फीडमध्ये फक्त ऑप्शनचे भाव, आणि ग्रीक्स जुळत नाहीत: तपासणी कुठून सुरू करायची

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात स्वतःचं एक्सेल किंवा पायथॉनचं शीट बांधून ऑप्शन करणारे बरेच जण आहेत. बहुतेकांकडचा फीड स्वस्तातला असतो: स्ट्राइक, कॉलचा भाव, पुटचा भाव, बस. डेल्टा, गॅमा, थीटा, वेगा त्यात येत नाहीत, ते मॉडेल लावून आपणच काढायचे असतात. मग कधीतरी फोन येतो: "भाऊ, आकडा खोटा दिसतोय." शीट प्रत्येकाचं वेगळं असतं, पण दोष बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागी सापडतो. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो आहे.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- एकाच स्ट्राइकच्या कॉलची आणि पुटची आयव्ही दोन-तीन पॉइंटांनी वेगळी येते, आणि फरक दिवसभर एकाच बाजूला राहतो.
- डीप आयटीएम स्ट्राइकला `#NUM!` येतं, किंवा आयव्ही 0.01 सारख्या आकड्यावर अडकते.
- बाजार शांत असताना एखाद्या स्ट्राइकचा डेल्टा अचानक उडी मारतो आणि थोड्या वेळाने परत येतो.
- थीटा हजारांत येतो, किंवा दिवसाला जेवढा भाव झडतो त्याच्या दीडपट दाखवतो.
- एक्सपायरीच्या दिवशी सगळी चेन `#DIV/0!` होते, किंवा आयव्ही नेहमीच्या निम्म्यावर येते.

पहिलं लक्षण सगळ्यात जास्त आढळतं आणि सगळ्यात जास्त नुकसान करतं, कारण शीट कुठेच एरर देत नाही. आकडे दिसायला बरोबर असतात, डेल्टा शून्य ते एकच्या मध्ये असतो, आणि माणूस त्यावर हेज करत राहतो.

काम कसं चालतं ते दोन वाक्यांत. मॉडेलला भाव, स्ट्राइक, उरलेला वेळ, व्याजदर आणि मूळ मालमत्तेचा भाव दिला की त्या भावाशी जुळणारी व्होलॅटिलिटी, म्हणजे आयव्ही, उलट्या दिशेने शोधता येते. ती आयव्ही पुन्हा मॉडेलात घालून ग्रीक्स काढायचे. म्हणजे कुठलाही इनपुट चुकला की ती चूक आयव्हीत जाऊन बसते आणि तिथून चारही ग्रीक्समध्ये पसरते. स्ट्राइक चुकत नाही. बाकीच्या गोष्टी तपासायच्या, फुकटातल्या आधी.

पहिली तपासणी: एकक

पाच मिनिटांचं काम, म्हणून आधी हेच. पुस्तकातल्या सूत्राने निघणारा थीटा वर्षाचा असतो आणि वेगा व्होलॅटिलिटी 100 टक्क्यांनी बदलली तर किती, असा असतो. रोजच्या वापरासाठी थीटा एका दिवसाचा आणि वेगा एका टक्क्याचा हवा. वेगाला 100 ने भागायचं, यात कोणी गोंधळत नाही. गोंधळ थीटात होतो. उरलेला वेळ 365 दिवसांच्या वर्षावर मोजलेला असतो आणि थीटाला मात्र 252 ने भागलेलं असतं, कारण कुठेतरी वाचलेलं असतं की ट्रेडिंगचे दिवस 252. खाली जे उदाहरण घेतलं आहे त्यात वर्षाचा थीटा सुमारे 4,300 रुपये येतो. 365 ने भागला तर दिवसाला 12 रुपयांच्या आसपास, 252 ने भागला तर 17. ऑप्शन विकून बसलेल्या माणसाला दिवसाला पाच रुपये जास्त मिळतील असं शीट सांगतं आणि ते पाच रुपये कधीच येत नाहीत.

वेळ ज्या कॅलेंडरवर मोजला त्याच कॅलेंडरने भागायचं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे सूत्र सोडून द्यायचं: आजचा भाव मॉडेलने काढा, उरलेल्या वेळेतून एक दिवस वजा करून पुन्हा काढा, फरक हाच थीटा. यात एककाची चूक शिरायला जागाच राहत नाही.

दुसरी तपासणी: उरलेला वेळ

शीटमध्ये बहुधा एक्सपायरीची तारीख वजा आजची तारीख असं असतं. महिनाभर दूरच्या ऑप्शनला हे चालून जातं. आठवड्याच्या ऑप्शनला नाही, आणि एक्सपायरीच्या दिवशी तर अजिबात नाही. निफ्टीची एक्सपायरी 2025 च्या सप्टेंबरपासून मंगळवारी असते. मंगळवारी सकाळी साडेदहाला तारखांची वजाबाकी शून्य देते, म्हणून `#DIV/0!`. तो टाळायला काही जण शून्याच्या जागी एक दिवस धरतात. खरे उरलेत पाच तास, धरले चोवीस. आयव्ही वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चुकते, म्हणजे सुमारे 2.2 पट. बाजारात 12 टक्के असेल तर शीट साडेपाच दाखवतं.

म्हणून वेळ मिनिटांत मोजा: आत्ताच्या क्षणापासून एक्सपायरीच्या दुपारी 3:30 पर्यंतची मिनिटं भागिले 525600. दर वेळी भाव वाचताना हा आकडाही ताजा झाला पाहिजे. सकाळी एकदा काढून ठेवलेला चालणार नाही.

सोन्यावाल्यांसाठी वेगळी सूचना. एमसीएक्सवरचा सोन्याचा ऑप्शन फ्यूचरवर असतो आणि त्या फ्यूचरच्या आधी संपतो. शीटमध्ये फ्यूचरची तारीख घातली असेल तर वेळ जास्त धरला जातो आणि आयव्ही सगळ्या स्ट्राइकला एकसारखी कमी येते. सगळीकडे एकाच दिशेने, एकाच प्रमाणात चूक दिसली की आधी तारीख बघा.

तिसरी तपासणी: भाव ताजा आहे का

फीडमध्ये जो एक भाव येतो तो बहुतेकदा एलटीपी, म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो. एटीएमच्या आसपास सेकंदाला सौदे होतात, तिथे एलटीपी चालतो. आयटीएममध्ये शेवटचा सौदा वीस मिनिटांपूर्वीचा असू शकतो, आणि तेवढ्यात निफ्टी चाळीस पॉइंट सरकलेला असतो. तो जुना भाव नव्या निफ्टीशी जोडला की आयव्ही उडी मारते. पुढचा सौदा झाला की परत जागेवर येते. तिसऱ्या लक्षणाचं मूळ हेच.

फीडमध्ये बिड आणि आस्क मिळत असतील तर त्यांची सरासरी वापरा, एलटीपी सोडा. ते मिळत नसतील तर निदान शेवटच्या सौद्याची वेळ मिळते का बघा आणि दोन-तीन मिनिटांपेक्षा जुना भाव गणितात घेऊ नका, ती पेशी रिकामी राहू द्या. आपल्याकडे नेट मध्येच जातं आणि येतं. अशा वेळी काही शीट शेवटचा भाव तसाच धरून ठेवतात आणि वर वेळ मात्र पुढे सरकत राहते. रिकामी पेशी दिसली तर माणूस थांबतो. जुना आकडा दिसला तर त्यावर सौदा करतो.

चौथी तपासणी: मूळ भाव कुठून आणला

इथे थोडं थांबून वाचा. कॉल-पुटची आयव्ही जुळत नाही म्हणून आलेल्या तक्रारींचं उत्तर बहुतेक वेळा याच तपासणीत मिळतं.

फीड फक्त ऑप्शनचे भाव देतो. निफ्टीचा आकडा त्यात नसतो, म्हणून तो दुसरीकडून आणला जातो: एखाद्या वेबसाइटवरून, मोबाइलच्या अॅपवरून, कधी हाताने टाइप करून. त्यात दोन दोष आहेत. दोन ठिकाणचे आकडे एका क्षणाचे नसतात, हा पहिला. दुसरा जास्त खोल आहे: ऑप्शनचा भाव बाजार स्पॉटवरून ठरवतच नाही. एक्सपायरीच्या दिवशी निफ्टी कुठे असेल, त्याचा आजचा करारातला भाव, म्हणजे फॉरवर्ड, त्यावरून ठरवतो. फॉरवर्ड स्पॉटपेक्षा किती वर किंवा खाली आहे ते व्याज, येणारा डिव्हिडंड आणि त्या दिवसाची मागणी यांवर अवलंबून असतं. ते तुम्हाला बाहेरून नेमकं कळणार नाही.

पण ते शोधायला बाहेर जावंच लागत नाही, कारण फॉरवर्ड ऑप्शनच्या भावांतच लपलेला असतो. एकाच स्ट्राइकचा कॉल घेतला आणि पुट विकला तर एक्सपायरीला तुमच्याकडे त्या स्ट्राइकला घेतलेलं फ्यूचरच असतं. म्हणून:

```
F = K + exp(r*T) * (C - P)
```

पुट-कॉल पॅरिटी ती हीच. हिला व्होलॅटिलिटी लागत नाही, मॉडेलही लागत नाही. फक्त ऑप्शन युरोपियन प्रकारचा हवा, म्हणजे एक्सपायरीलाच वापरता येणारा. निफ्टीचे ऑप्शन तसेच आहेत, आणि एनएसईवरचे शेअरचे ऑप्शनही 2011 पासून तसेच आहेत.

धुळ्याच्या एका मित्राच्या शीटमध्ये हा दोष होता तो आकड्यांत दाखवतो. आकडे समजायला सोपे म्हणून गोल केले आहेत. एक्सपायरीला बरोबर सात दिवस, स्पॉट 25,000, स्ट्राइक 25,000, कॉल 192 रुपये, पुट 142 रुपये. व्याजदर 6.5 टक्के धरू.

त्याच्या शीटमध्ये मूळ भाव म्हणून स्पॉट होता आणि व्याजाची पेशी शून्य होती. त्यावरून कॉलची आयव्ही 13.9 टक्के येते आणि पुटची 10.3. एकाच स्ट्राइकला, एकाच क्षणी साडेतीन पॉइंटांहून जास्त फरक. याचा अर्थ त्याने असा काढला होता की कॉल महाग आहे आणि पुट स्वस्त, म्हणून कॉल विकावा. असं काही नव्हतं.

व्याजाची पेशी भरून 6.5 टक्के केले, स्पॉट तसाच ठेवला, तर कॉल 12.75 आणि पुट 11.4 येतो. फरक कमी झाला, संपला नाही. पुष्कळ जण इथे थांबतात आणि उरलेला फरक "बाजाराचा कल" म्हणून सोडून देतात.

आता पॅरिटी लावू. कॉल वजा पुट 50 रुपये, सात दिवसांचं व्याज लावून 50.06. फॉरवर्ड 25,050. हा आकडा मूळ भाव म्हणून घातला आणि फॉरवर्डवर चालणारं ब्लॅकचं 1976 चं सूत्र वापरलं, तर कॉलची आयव्ही 12.0 टक्के येते आणि पुटचीही 12.0 टक्के. त्या स्ट्राइकवर कॉल महाग नव्हता, पुट स्वस्त नव्हता. स्पॉट आणि फॉरवर्ड यांच्यातले 50 रुपये शीटला माहीत नव्हते, म्हणून ते त्याने आयव्हीत ढकलले होते.

याचा हातात येणारा परिणाम डेल्टात दिसतो. चुकीच्या शीटमध्ये कॉलचा डेल्टा 0.504 होता, बरोबर आकडा 0.550. एक हजार क्वांटिटीचा कॉल विकला असेल तर हेज म्हणून 504 ऐवजी 550 हवेत. पुटकडे शीट 0.497 दाखवत होतं, खरा 0.448. कॉलला हेज कमी पडतं, पुटला जास्त होतं, आणि दोन्ही चुका एकाच दिशेच्या आहेत. स्ट्रॅडल विकलेल्याला शीट सांगतं की पोझिशन जवळजवळ न्यूट्रल आहे. प्रत्यक्षात हजार क्वांटिटीला शंभराच्या आसपास शॉर्ट डेल्टा उघडा पडलेला असतो.

कॉलचा डेल्टा आणि पुटचा डेल्टा, चिन्ह सोडून, बेरीज केली की एकाच्या जवळ यावी, ही तपासणी पुष्कळांना माहीत आहे. वरच्या चुकीच्या शीटमध्ये ती बेरीज 1.001 येते, म्हणजे शीट या परीक्षेत पास होतं आणि तरी चुकलेलं असतं. या बेरजेवर विसंबू नका. विसंबायचं ते कॉल आणि पुटची आयव्ही जुळते का यावर.

फॉरवर्ड काढायला एकच स्ट्राइक वापरू नका. ज्या स्ट्राइकला कॉल आणि पुटचे भाव एकमेकांच्या सगळ्यात जवळ आहेत तो, आणि त्याच्या वरचे दोन, खालचे दोन घ्या. पाचही ठिकाणी फॉरवर्ड काढा आणि आकड्यांच्या क्रमात जो मधला येईल तो धरा. सरासरी नको, कारण एखादा भाव शिळा निघाला तर तो सरासरी ओढतो, मधल्या आकड्याला हात लावत नाही. पाचही आकडे दोन-चार रुपयांच्या आत आले पाहिजेत. नसतील तर तिसऱ्या तपासणीकडे परत जा.

फॉरवर्ड असा काढला की व्याजदराचं महत्त्व जवळजवळ संपतं. दर एका टक्क्याने चुकला तरी आपल्या 192 रुपयांच्या कॉलमध्ये फरक पडतो चार पैशांचा. 91 दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा दर घाला आणि विसरून जा.

डिव्हिडंडचंही तसंच. अमळनेरात विप्रोचे शेअर घराघरांत आहेत, कंपनी तिथूनच 1945 मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्या शेअरचे ऑप्शन करणारेही आपल्याकडे भेटतात. डिव्हिडंडची एक्स-डेट एक्सपायरीच्या आत येत असेल तर फॉरवर्ड तेवढ्याने खाली येतो. स्पॉट वापरणाऱ्याला पुटची आयव्ही वर आणि कॉलची खाली दिसते. पॅरिटीतून काढलेल्या फॉरवर्डमध्ये डिव्हिडंड आपोआप वजा झालेला असतो, रक्कम जाहीर झाली नसली तरी बाजाराचा अंदाज त्यात आलेला असतो.

आणि सोनं. एमसीएक्सवरच्या ऑप्शनचा मूळ भाव म्हणजे त्याच कराराचा फ्यूचर, सराफ्यातला भाव नाही. जळगावात दुकानाचा भाव तोंडावर असतो, आणि त्यात कधी 3 टक्के जीएसटी धरलेला असतो, कधी नसतो. एमसीएक्सचा भाव जीएसटी सोडून असतो. दहा ग्रॅमला लाख रुपयांच्या भावावर ती तीन हजारांची तफावत होते. आयव्ही कुठल्या कुठे जाते.

पाचवी तपासणी: आयटीएमची बाजू सोडा

फॉरवर्ड बरोबर आला तरी डीप आयटीएममध्ये `#NUM!` येत राहतं. तिथे सूत्र दोषी नाही, भावातच माहिती नाही.

वरच्याच उदाहरणात 24,000 चा कॉल घ्या. फॉरवर्ड 25,050, म्हणजे या कॉलची किमान किंमत 1,050 ची आजची किंमत, 1,048.7 रुपये. व्होलॅटिलिटी शून्य असली तरी एवढी असायलाच हवी. एलटीपी 1,020 असेल तर त्या भावाला जुळणारी व्होलॅटिलिटी जगात नाही, `#NUM!` हे बरोबर उत्तर आहे. बिड 1,046 आणि आस्क 1,056 असेल तरी बिडवरून आयव्ही निघत नाही. आयव्ही 14 टक्के धरली तर त्या स्ट्राइकचा वेगा एका पॉइंटला 1.2 रुपये येतो. बिड-आस्कमधलं अंतर 10 रुपये. म्हणजे भावातली अनिश्चितताच आठ पॉइंटांची आहे, त्यातून आयव्ही वाचणार कशी?

त्याच स्ट्राइकचा पुट मात्र ओटीएम आहे. दोन-सव्वादोन रुपयांचा भाव, अंतर वीस पैशांचं, आणि वेगा तोच 1.2, कारण एका स्ट्राइकला कॉल-पुटचा वेगा एकच असतो. अनिश्चितता पॉइंटाचा सहावा हिस्सा. म्हणून नियम असा ठेवा: फॉरवर्डच्या खालच्या स्ट्राइकची आयव्ही पुटवरून, वरच्या स्ट्राइकची कॉलवरून, आणि एका स्ट्राइकला एकच आयव्ही. आयटीएम बाजूचे ग्रीक्सही त्याच आयव्हीतून काढा.

आयव्ही शोधायची पद्धतही बघा. बहुतेक शीटमध्ये न्यूटनची पद्धत असते. ती प्रत्येक पायरीला वेगा या ग्रीकच्या आकड्याने भागते, आणि वेगा शून्याजवळ गेला की उत्तर हजारांत उडून जातं. त्यापेक्षा दोन टोकं धरून मध्ये अर्धं अर्धं करत जाणारी पद्धत संथ आहे, पण कधी उडत नाही. चेनमध्ये दोनशे स्ट्राइक असले तरी आजच्या लॅपटॉपला ते जड नाही.

```python
from math import log, sqrt, exp, erf

def N(x):
    return 0.5 * (1 + erf(x / sqrt(2)))

def price(F, K, T, s, r, cp):      # cp: call = 1, put = -1
    d1 = log(F / K) / (s * sqrt(T)) + 0.5 * s * sqrt(T)
    d2 = d1 - s * sqrt(T)
    return exp(-r * T) * cp * (F * N(cp * d1) - K * N(cp * d2))

def iv(p, F, K, T, r, cp):
    lo, hi = 0.01, 3.0
    if p <= price(F, K, T, lo, r, cp) or p >= price(F, K, T, hi, r, cp):
        return None
    for _ in range(60):
        mid = 0.5 * (lo + hi)
        if price(F, K, T, mid, r, cp) < p:
            lo = mid
        else:
            hi = mid
    return 0.5 * (lo + hi)
```

`None` येतो तिथे दुसरा आकडा भरू नका. भाव मर्यादेबाहेर आहे हे सांगण्याचं काम तो करतो. कोड बसवल्यावर आपलं उदाहरण चालवून बघा: `iv(192, 25050, 25000, 7/365, 0.065, 1)` आणि `iv(142, 25050, 25000, 7/365, 0.065, -1)`. दोन्हीकडे 0.12 च्या आसपास आलं तर कोड बरोबर बसला. त्याच आयव्हीने सात दिवसांचा आणि सहा दिवसांचा भाव काढला तर फरक 12 रुपयांच्या जवळ येतो. तोच तुमचा थीटा.

इथून निघणारा डेल्टा फ्यूचरच्या हालचालीला धरून आहे. हेज फ्यूचरने करत असाल तर तसाच वापरा.

इथून पुढे मॉडेलची मर्यादा आहे, शीटची नाही

पाचही तपासण्या झाल्यावर कॉल-पुटची आयव्ही अर्ध्या पॉइंटाच्या आत जुळली पाहिजे. जुळली, आणि तरी दिवसाचा नफा-तोटा ग्रीक्सशी मेळ खात नाही, असं होऊ शकतं. निफ्टी पडला की आयव्ही सहसा चढते, आणि तुमचा डेल्टा मात्र आयव्ही जागेवर राहील असं धरून काढलेला असतो. मोठ्या हालचालीच्या दिवशी ओटीएम पुटमध्ये हा फरक ठळक दिसतो. त्यासाठी शीटमध्ये काही दुरुस्त करू नका, दुरुस्त करण्यासारखं तिथे काही नाही.

एक्सपायरीच्या दिवशी दुपारी तीननंतरचे ग्रीक्स मी स्वतः बघत नाही. एटीएमचा गॅमा इतका मोठा होतो की निफ्टी दहा पॉइंट हलला तरी डेल्टा बराच बदलतो, आणि सेटलमेंट शेवटच्या टिकवर होत नाही, निर्देशांकाच्या बंद भावावर होते. साधं मॉडेल त्या अर्ध्या तासासाठी बनवलेलं नाही.

कधी थांबायचं आणि कोणाला विचारायचं

पाच स्ट्राइकवरून काढलेले फॉरवर्ड एकमेकांत बसतच नसतील, भाव ताजे असूनही, तर गणित करत बसू नका. फीडवाल्याच्या तांत्रिक मदतीला फोन करा, एका क्षणाचे पाच कॉल आणि पाच पुटचे भाव वेळेसकट लिहून पाठवा आणि ब्रोकरच्या टर्मिनलशी ताडून बघायला सांगा. नुसतं "ग्रीक्स चुकतात" असं सांगितलं तर त्यांना काहीच सापडत नाही.

शेअर एफ अँड ओ बॅनमध्ये असेल तर पोझिशन वाढवता येत नाही, त्यामुळे पॅरिटी मोडली तरी ती जागेवर आणायला कोणी येत नाही. तेव्हाच्या फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका. शेअरच्या ऑप्शनला शेअरचीच डिलिव्हरी द्यावी-घ्यावी लागते, म्हणून एक्सपायरीच्या आठवड्यात आयटीएम पोझिशन उघडी असेल तर शीट बाजूला ठेवा आणि ब्रोकरच्या रिस्क डेस्कशी बोला. मार्जिन किती लागेल हेही तुमच्या ग्रीक्सवरून ठरत नाही, ते त्यांच्याकडूनच कळेल.

ज्यांना वेगवेगळ्या एक्सपायरींची आयव्ही एका पृष्ठभागावर बसवायची आहे, किंवा बाजार पडल्यावर आयव्ही कशी सरकेल ते डेल्टात धरायचं आहे, त्यांनी ते काम रोज करणाऱ्या क्वांट माणसाकडून करून घ्यावं. एक्सेलमध्ये ते ओढूनताणून बसवलेलं मी पाहिलं आहे, आणि स्ट्राइकच्या मध्ये कुठेतरी ऋण किमतीची बटरफ्लाय निघतेच.

दुसऱ्याचे पैसे या शीटवर चालवत असाल, नातेवाइकाचे असोत की गावातल्या चार जणांचे, तर आजच थांबा. त्याला सेबीची नोंदणी लागते, आणि ज्याच्याकडे ती आहे त्याच्याकडेच ते पैसे गेले पाहिजेत.